लिटरभर इथेनॉलमागचं पाणी किती उंच चढलं? कारखान्याच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व संचालक,
आमचा सहकारी साखर कारखाना, जि. सांगली

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत डिस्टिलरीच्या विस्ताराचा ठराव "मंजूर, मंजूर" म्हणत हातोहात पुढे गेला. उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायचं, गाळप संपल्यावर तीच डिस्टिलरी मका आणि तांदळावर चालवायची, आणि वाढलेल्या गरजेसाठी पूर्व भागात, उपसा योजनांच्या पाण्यावर, उसाची नवी नोंद घ्यायची, असं त्या ठरावात आहे. अहवालाच्या पहिल्याच पानावर इथेनॉलला "प्रदूषणमुक्त हरित इंधन" म्हटलं आहे. मला बोलायचं होतं, पण विषय संपल्याचं सांगून सभा आटोपली. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे, आणि ते माझ्यासारख्या सभासदांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

मी कवठेमहांकाळ तालुक्यातली. सासऱ्यांचा शेअर आता माझ्या नावावर आहे. म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यावर आमचा थोडा ऊस आहे, बाकी रानात शाळू, कडेला तूर, आणि दावणीला म्हशी. उसाशी माझं वैर नाही. घरावरचं कर्ज उसाच्या बिलातून फिटलं आणि मुलीची फीही त्यातूनच गेली. ज्वारीला खात्रीचं गिऱ्हाईक नाही आणि उसाला एफआरपी आहे, हे मला कुणी समजावून सांगायला नको. इथेनॉलच्या पैशामुळे कारखान्यांना उसाची बिलं वेळेवर देता आली, हेही मी नाकारत नाही. माझा आक्षेप या ठरावाला आहे, कारण त्यात जमिनीचा, पाण्याचा आणि धुराचा हिशेबच नाही.

पहिली तक्रार "हरित" या दाव्याबद्दल आहे आणि ती मी सविस्तर मांडते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

इथेनॉल जळताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो उसानेच वाढताना हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो शून्य धरतात. ते बरोबर आहे. पण ऊस नुसत्या हवेवर वाढत नाही. त्याला युरिया लागतो, पाणी लागतं, आणि आमच्या भागात ते पाणी विजेवर चढून येतं. तेव्हा एका एकराचा हिशेब करू. एकरी उतारा 40 टन धरला. रसापासून थेट केलं तर टनाला साधारण 70 लिटर इथेनॉल मिळतं, म्हणजे एकराला 2,800 लिटर.

आधी खत. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 160 किलो. टाकलेल्या नत्रातला साधारण एक टक्का जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. आकडा छोटा वाटतो, पण हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. एकराचा हिशेब केला तर हे जवळपास 690 किलो कार्बन डायऑक्साइडइतकं भरतं, म्हणजे इथेनॉलच्या लिटरमागे पाव किलो. शिवाय खत कारखान्यात तयार होताना किलोभर नत्रामागे साधारण 3 किलो वायू सुटतो. त्याचे लिटरमागे आणखी 0.17 किलो. खताचे मिळून झाले सुमारे 0.42 किलो.

आता पाणी. उसाला शेतावर एकरी 60 लाख लिटर पाणी धरते, आणि पाट सोडून पाणी देणाऱ्याला हा आकडा कमीच वाटेल. नीती आयोगाच्या 2021 च्या इथेनॉल अहवालातही उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी धरलेलं आहे, त्यात पावसाचं पाणीही येतं. एक हजार लिटर पाणी 100 मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर, जवळपास 0.39 युनिट वीज लागते. कृष्णाकाठच्या मळ्यात पाणी 20 मीटर उचललं की भागतं. आमच्याकडे ते टप्प्याटप्प्याने वर येतं. प्रत्येक गावाची उंची वेगळी आहे, म्हणून मी हिशेबासाठी 150 मीटर धरते.

नदीकाठच्या एकराला मग सुमारे 470 युनिट वीज लागते. आमच्याकडच्या एकराला 3,500. आपल्या ग्रिडच्या विजेत अजून कोळशाचाच वाटा मोठा आहे, त्यामुळे युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे नदीकाठी पाण्यापोटी लिटरमागे 0.12 किलो, आणि आमच्याकडे 0.87 किलो.

समोरच्या बाजूला पेट्रोल ठेवा. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून एक लिटर इथेनॉल फार तर 0.66 लिटर पेट्रोल वाचवतं. तेवढं पेट्रोल विहिरीतून काढणं, शुद्ध करणं आणि जाळणं, सगळं धरलं तर सुमारे 1.9 किलो वायू होतो. नदीकाठच्या इथेनॉलचा खर्च 0.54 किलो, म्हणजे बचत सत्तर टक्क्यांच्या आसपास. ती खरी आणि चांगली बचत आहे. आमच्याकडच्या इथेनॉलचा खर्च 1.29 किलो, म्हणजे बचत एक-तृतीयांशावर आली. आणि यात मी कालव्यात मुरणारं पाणी धरलेलंच नाही. पंपाने चढवलेल्या पाण्यापैकी 30 टक्के वाटेत मुरलं तर विजेचा आकडा 1.25 वर जातो, एकूण खर्च 1.67 होतो, आणि बचत उरते बारा टक्के. वाहतूक, तोडणी, पाचट पेटवल्यावरचा धूर हे अजून बाहेरच आहे. टाकीत उतरणारं इथेनॉल दोन्हीकडचं सारखंच दिसतं, पावतीही सारखीच निघते. फरक फक्त पाणी किती उंच चढलं याचा आहे.

आपले तांत्रिक अधिकारी म्हणतील, बगॅसवर वीज होते, ती जमेला धरा. जरूर धरा. मी कारखान्यातली वाफ बगॅसची म्हणून शून्यच धरली आहे. बाहेर विकलेली जादा वीजही वजा करा, पण एकदाच. तीच वीज वीज कंपनीला हरित म्हणून विकायची आणि पुन्हा इथेनॉलच्या खात्यात जमा दाखवायची, असं करू नका. रसापासून थेट इथेनॉल करताना वाफ किती लागते आणि विकायला वीज किती उरते, हेही त्याच कागदावर लिहा. म्हैसाळ योजनेचे पंप सौर विजेवर चालवायचा प्रकल्प मंजूर आहे. तो पूर्ण चालू झाला की माझा हा हिशेब बदलेल आणि मला त्याचा आनंदच होईल. पण उसाची नोंद तुम्ही आज घेताय. तेव्हा हिशेबही आजच्या विजेवर करा.

हा खर्च कुणाला टोचत नाही याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांच्या वीजबिलाचा 81 टक्के भार शासन उचलतं, आम्ही पाणीपट्टीतून 19 टक्के भरतो. दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून हा निर्णय झाला. लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पाणी परिषदा घेतल्या. ते पाणी प्यायला, चाऱ्याला, शाळूला, द्राक्षाला, डाळिंबाला मागितलं होतं. उपशाचं पाणी आणून ते पेट्रोलच्या टाकीत ओतायची योजना तेव्हा कुणी मांडली असती, तर किती लोक मोर्चात चालले असते?

दुसरी तक्रार जमिनीची. उसाच्या एका एकराला जे 60 लाख लिटर पाणी लागतं, तेवढ्यात रब्बीचा शाळू पाच-सहा एकर भिजतो. एकरी आठ-दहा क्विंटल धरले तरी पंचेचाळीस-पन्नास क्विंटल ज्वारी होते. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो पीठ लागतं असं धरलं, तर ही सहा-सात घरांची वर्षाची भाकरी झाली. आणि वर कडबा. शहरात बसून अन्न की इंधन हा वाद घालणारे कडबा मोजत नाहीत, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगते.

आमच्या आसपास शाळूचं रान घटलं तशी कडब्याची पेंढी महागली. उन्हाळ्यात पेंढ्या परजिल्ह्यातून येतात. ज्यांना परवडत नाही ते हंगामात उसाच्या शेंड्यांच्या वाड्यावर जनावरं ठेवतात. वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. नुसत्या वाड्यावर ठेवलेली दुभती म्हैस हळूहळू उतरते, दूध कमी येतं, माजावर यायला उशीर होतो, व्याल्यावर बसली तर उठत नाही. डॉक्टर चुन्याची निवळी शिंपडून वाडं घालायला सांगतात, क्षारमिश्रण द्यायला सांगतात. ते आम्ही करतो. पण कडब्याची जागा वाडं घेऊ शकत नाही, आणि हंगाम संपला की वाडंही संपतं. तुमच्या अहवालात एका एकराचं उत्पादन टन आणि लिटरमध्ये आहे. गेलेली ज्वारी आणि गेलेला कडबा त्यात कुठल्या रकान्यात लिहिला आहे?

ऊस-इथेनॉलमध्येही सगळं एका मापाने मोजता येत नाही, हे सभासदांना सांगायला हवं होतं. साखर काढून उरलेल्या सी हेवी मळीपासून उसाच्या टनामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं आणि त्यासाठी साखरेचा एक दाणाही कमी होत नाही, एक गुंठाही जादा लागत नाही. हे इथेनॉल मला मनापासून मान्य आहे. साखर पूर्ण न काढता ठेवलेल्या बी हेवी मळीपासून केलं तर टनाला वीसेक लिटर मिळतं आणि साखरेचा उतारा साधारण दीड टक्क्याने खाली येतो. साखर जास्त झालेल्या वर्षी तेही योग्यच. रसापासून थेट केलं तर 70 लिटर, पण साखर शून्य. म्हणजे सी हेवीच्या तुलनेत जादा 60 लिटरसाठी शंभर किलोच्या वर साखर सोडून द्यायची. देशात साखर पडून असेल तेव्हा हा सौदा समजण्यासारखा आहे. पण त्यासाठी नवं रान उसाखाली आणायचं, हे समजण्यासारखं नाही. आधी साखर जास्त झाली म्हणून इथेनॉल, मग इथेनॉल कमी पडतं म्हणून जास्त ऊस, असं हे चक्र फिरतं.

आणि ते कधी थांबवलं जाईल हे तुमच्या हातातही नाही. 7 डिसेंबर 2023 आठवा. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी शंका आली, आणि केंद्राने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायला ऐन गाळपात बंदी घातली. नंतर 17 लाख टन साखरेइतकी सवलत दिली, आणि पुढच्या वर्षी बंदी उठवली. त्याआधी जुलै 2023 मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलऱ्यांना देणं असंच थांबवलं होतं. अन्न की इंधन या प्रश्नाला सरकारने दिलेलं हे उत्तर आहे: टंचाई आली की अन्न. ते योग्यच आहे. मग रसावर उभ्या केलेल्या डिस्टिलरीचं कर्ज त्या वर्षी कोण फेडणार? शेवटी ते आमच्या बिलातूनच जाणार.

तिसरी तक्रार मक्याची. मक्याच्या इथेनॉलला 71 रुपये 86 पैसे दर आहे, म्हणून बिगरहंगामात मका घ्यायचा, हे गणित कागदावर सोपं आहे. पण मका काही रिकामा पडलेला नव्हता. तो कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जात होता. 2024 मध्ये भारताने म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणला. एरवी आपण मका निर्यात करणारे. खानापूर तालुक्यातल्या आणि मिरजेच्या पोल्ट्रीवाल्यांना खाद्याच्या पोत्याचा दर विचारा.

यावर सांगितलं जातं की मक्यातला स्टार्च गेला तरी उरलेला चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यात परत येतो. येतो, हे खरं आहे, मक्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका येतो. पण मक्यात बुरशीचं विष असेल तर तेही या चोथ्यात तिपटीने घट्ट होऊन येतं. ओला मका घेतला, वाळवण नीट झालं नाही, की अफलाटॉक्सिन वाढतं, आणि ते म्हशीच्या पोटातून दुधात उतरतं. पोतं उघडल्यावर रंग काळपट, वास करपलेला आणि आंबूस आला तर आम्ही ते परत पाठवतो, पण विष डोळ्याला दिसत नाही आणि वासालाही कळत नाही. प्रत्येक लॉटची तपासणी करून दाखला देणार का, याबद्दल ठरावात एक ओळही नाही.

याच चोथ्याने आपल्याच सोयाबीनचं काय केलं ते पाहा. स्वस्त डीडीजीएस बाजारात आला तशी सोयापेंडीची मागणी पडली. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 ला 4,892 रुपये होता आणि पलूस-वाळव्याचे शेतकरी त्याखाली विकत होते. पुढच्या वर्षी त्यातला कुणी ऊस लावतो, कुणी मका. सोयाबीन घटलं की तेल घटतं, आणि आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आधीच बाहेरून आणतो. त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा, आणि तिथे पामच्या मळ्यांसाठी जंगलं तोडली गेली, दलदलीच्या जमिनी कोरड्या केल्या गेल्या. त्या जमिनीतून सुटलेला कार्बन तुमच्या लिटरच्या खात्यावर कुणी लिहीत नाही. 2008 मध्ये टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये हेच मांडलं होतं, की इंधनासाठी वळवलेल्या जमिनीची भरपाई जगात दुसरीकडे जंगल तोडून होते, आणि ते धरलं तर अमेरिकेतल्या मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा वाईट ठरतं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांचे आकडे कमी केले, वाद अजून चालू आहे. पण तो परिणाम शून्य आहे असं म्हणणारा हिशेब खोटा आहे, आणि तुमच्या अहवालात तो शून्यच धरलेला आहे.

तेलाची आयात कमी होते, परकीय चलन वाचतं, हे मोठं कारण सरकार देतं. 20 टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट 2030 वरून 2025-26 वर आणलं गेलं ते याच घाईने. पेट्रोल वाचवायचंच असेल तर आमच्या भागातल्या माळाकडे बघा. पिकाला नालायक अशा चार एकर माळावर एक मेगावॅट सौर प्रकल्प बसतो आणि वर्षाला साधारण 15 लाख युनिट वीज देतो. म्हणजे एकरी पावणेचार लाख युनिट. विजेवरची दुचाकी युनिटला तीसेक किलोमीटर जाते, म्हणजे त्या एकरावर वर्षाला एक कोटी किलोमीटरहून जास्त. उसाच्या एकराचं 2,800 लिटर इथेनॉल म्हणजे साडेअठराशे लिटर पेट्रोल, आणि लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर नव्वद-ब्याण्णव हजार किलोमीटर. शंभरपटीहून मोठा फरक आहे, आणि माळाला 60 लाख लिटर पाणीही लागत नाही. उद्या सगळ्यांच्या गाड्या विजेवर जाणार नाहीत, मला माहीत आहे. पण कर्ज काढून पुढच्या पंधरा वर्षांचं यंत्र बसवताना हा आकडा सभासदांपुढे ठेवायला नको का?

आमच्या मागण्या साध्या आहेत.

उपसा योजनांच्या लाभक्षेत्रात इथेनॉलसाठी उसाची नवी नोंद थांबवा. जो ऊस आज उभा आहे त्याला हात लावू नका, पण त्याला ठिबक करण्यासाठी कारखान्याने बिनव्याजी उचल द्यावी आणि ती बिलातून हप्त्याने कापावी. ठिबकने पाणी आणि विद्राव्य खतामुळे नत्र दोन्ही वाचतं, म्हणजे माझ्या हिशेबातल्या दोन्ही रकमा खाली येतात.

इथेनॉल आधी सी हेवी मळीपासून करा. बी हेवी आणि रस देशात साखर खरोखर शिल्लक असेल त्या वर्षीच वापरा, आणि ते प्रत्येक हंगामाआधी सभासदांना लेखी कळवा.

खाण्याजोगा मका आणि तांदूळ डिस्टिलरीत घेणार नाही असा ठराव करा. खराब धान्य घेतलंत तर ते कुठून आलं, कुणी खराब ठरवलं याची नोंद उघडी ठेवा. चोथा विकायचा असेल तर प्रत्येक लॉटचा अफलाटॉक्सिनचा दाखला पोत्यावर लावा.

पुढच्या अहवालात प्रत्येक लिटरमागचा निव्वळ वायू छापा. गट कार्यालयाकडे कुणाचा ऊस नदीच्या पाण्यावर, कुणाचा विहिरीवर, कुणाचा कुठल्या टप्प्याच्या पाण्यावर, ही माहिती नोंदीच्या वेळीच असते. पाण्याची उंची, नत्राचा डोस, बगॅसच्या विजेची एकदाच धरलेली जमा, आणि बिगरहंगामात बॉयलरला जाळलेला कोळसा, एवढं दिलंत तरी कुणीही सभासद घरी बसून हिशेब करील. हा हिशेब छापला जाईपर्यंत "प्रदूषणमुक्त हरित इंधन" हे शब्द अहवालातून काढा.

आणि डिस्टिलरी विस्ताराचा ठराव विशेष सभा बोलावून पुन्हा चर्चेला घ्या. पोटनियमांप्रमाणे सभासद तशी मागणी लेखी करू शकतात. त्या अर्जावर सह्या घ्यायला आम्ही गावोगाव सुरुवात केली आहे. अर्ज येत्या पंधरवड्यात कार्यालयात दाखल करू. त्याची पोच आम्हाला शिक्क्यानिशी द्यावी.

कळावे,
आपली नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली